ठिबकच्या मॅन्युअलमध्ये एकाच वस्तूला तीन नावं, मॉडेलला ठरलेली शब्दयादी कशी द्यायची?

सारिका_पानोपान
मंडळी, डोकं धरून बसलेय. ठिबक सिंचनाच्या देखभालीचं एक मॅन्युअल आहे, इंग्रजीत १४० पानं, एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मराठीत करतेय. पहिला मसुदा एआय मॉडेलकडून काढते आणि मग मी वाक्यनवाक्य तपासते. एकेक धडा वेगळ्या चॅटमध्ये टाकला कारण सगळं एकदम मावत नव्हतं. आता सलग वाचायला घेतलं तर नळीतून थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या एमिटरला दुसऱ्या धड्यात ड्रिपर, पाचव्यात उत्सर्जक आणि सातव्यात एकाच परिच्छेदात एकदा ड्रिपर, एकदा तोटी. कंपनीतल्या दोघांना नमुना वाचायला दिला होता, त्यातला एक म्हणाला "तोटी बंद असल्यास साफ करा" म्हणजे नळाची चावी बंद आहे का ते बघायचं ना? म्हणजे वाक्य मराठी म्हणून छान आहे पण माणूस भलत्याच ठिकाणी हात घालणार.

मी सुरुवातीला सांगितलं होतं की शब्द एकसारखे ठेव. त्याने "हो" म्हणून पुढे मनाचंच केलं. ग्लॉसरी देऊन हे कोणी नीट जमवलंय का? नुसतं "ग्लॉसरी दे" नको, नेमकं काय लिहून देता ते सांगा.

मीनल_डॅलस
अगं वर्डमध्ये फाइंड रिप्लेस कर ना, पाच मिनिटांचं काम. मी इथल्या मंडळाच्या अंकासाठी नेहमी तेच करते.

सारिका_पानोपान
मीनल, तेच केलं आधी 😅 "दाब" आणि "प्रेशर" दोन्ही येत होते, सगळीकडे "प्रेशर" करून टाकलं. "हिरवं बटण दाबा" चं "हिरवं बटण प्रेशरा" झालं आणि "माती दाबून बसवा" चं "माती प्रेशरून बसवा". आणि तोटी बदलली तर "तोट्यांना", "तोट्यांमधून" तसेच राहिले कारण त्यात "तोटी" ही अक्षरं सलग नाहीतच.

मीनल_डॅलस
प्रेशरून बसवा 😂😂 माघार घेते.

कोडकर
सोप्पंय. मॉडेलच्या सेटिंगमधलं टेम्परेचर शून्य कर, मग मॉडेल दर वेळी तोच शब्द देईल. आणि पूर्ण शब्दयादी एकदाच चॅटच्या सुरुवातीला चिकटव, खाली सगळे धडे टाकत जा. काम फत्ते.

जुना_मुद्रितशोधक
कोडकर, अर्धं पटलं. टेम्परेचर शून्य केलं तर तेच वाक्य त्याच मागच्या-पुढच्या मजकुरासह परत दिलं की बहुतेक तेच उत्तर येतं, इतकंच. पण पाचव्या धड्यातलं वाक्य हे दुसऱ्या धड्यातलं वाक्य नाही. तिथे आजूबाजूला विसर्ग, प्रवाह असले भारदस्त शब्द असले की त्याला उत्सर्जक सुचतो, सातव्यात पाणी, नळी, टाकी असलं की तोटी सुचते. प्रत्येक वेळी तो ठामपणे वेगळा शब्द देईल, शून्य टेम्परेचरवर. सारिकाताईंचं दुखणं मॉडेल डळमळतं हे नाहीच, एका धड्यात काय ठरलं ते दुसऱ्या धड्याला माहीतच नाही हे आहे.

यादी एकदाच सुरुवातीला चिकटवण्याबद्दल: लांब चॅटमध्ये चाळीस पानांनंतर ती वर कुठेतरी राहते आणि मॉडेल जवळच्या मजकुराकडे जास्त बघतं. त्यातही त्याने मध्ये एकदा तोटी लिहून ठेवली असेल तर आता त्याच्या नजरेसमोर तुमच्या यादीतला ड्रिपर लांब आणि स्वतःची तोटी जवळ, मग तोटीच पुढे वाहत जाते.

मी असं करतो. मजकूर धड्याने नाही तर तीन-चार परिच्छेदांच्या तुकड्याने देतो, आणि *प्रत्येक* तुकड्याच्या डोक्यावर यादी परत देतो. पण अख्खी नाही. त्या तुकड्याच्या इंग्रजीत जे शब्द खरोखर आलेत तेवढ्याच ओळी.

कोडकर
अख्खी दिली तर बिघडतं काय? हल्लीच्या मॉडेलना दोनशे ओळी म्हणजे काहीच नाही.

जुना_मुद्रितशोधक
मावतात, प्रश्न मावण्याचा नाही. माझ्या एका कामात २१० ओळींची यादी होती, अख्खी द्यायचो. इंग्रजीत साधं "injector" होतं, यादीत व्हेंच्युरी होती, तर पठ्ठ्याने व्हेंच्युरी लिहिलं. खत सोडायला पंपही असतो, टाकीही असते, तिथे नेमका पंप होता. यादीतला शब्द दिसला की तो वापरायचा मोह त्याला होतो. तुकड्यापुरत्या बारा-पंधरा ओळी दिल्यापासून हे जवळपास थांबलं.

सारिका_पानोपान
काका, ओळीत काय काय लिहिता? माझी यादी म्हणजे डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, बस.

जुना_मुद्रितशोधक
तेवढं मराठीला नाही पुरत. आपल्याकडे शब्द ठरला तरी लिंग ठरलेलं नसतं, विशेषतः इंग्रजीतून आलेल्या शब्दांचं. लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेली बारीक नळी, हाच शब्द घ्या. "लॅटरल अंथरला", "लॅटरल अंथरली", "लॅटरल अंथरलं" तिन्ही एकाच पुस्तकात सापडतील आणि वाचणाऱ्याला खडे लागल्यासारखं होतं. माझी ओळ अशी असते:

```
emitter      = ड्रिपर | पु. | अनेकवचन: ड्रिपर | नको: उत्सर्जक, तोटी
lateral      = लॅटरल | स्त्री. | अनेकवचन: लॅटरल | नको: उपनळी
lateral root = उपमूळ | न. | अनेकवचन: उपमुळे
flush (v)    = फ्लश करणे | नको: धुणे, प्रक्षालन
clogged      = चोक झालेला | नको: बंद
```

"नको" चा रकाना सगळ्यात कामाचा. नुसतं ड्रिपर लिहा म्हटलं तर चौथ्या वाक्यात पुनरुक्ती टाळायला तो हळूच पर्यायी शब्द आणतो, शाळेच्या निबंधात शिकवतात ना तसं. नको म्हणून नाव घेऊन सांगितलं की ऐकतो. आणि यादीच्या वर एक ओळ: शब्द विभक्तीप्रमाणे चालव, पण मूळ शब्द बदलू नकोस, पुनरुक्ती झाली तरी चालेल.

तिसरी ओळ मुद्दाम ठेवलीय बघा. माझ्याकडून पहिल्यांदा ती राहिली होती.

सारिका_पानोपान
थांबा, माझ्याकडे धडा ९ मध्ये "लॅटरल मुळे वरच्या थरात पसरतात" असं आलंय!! मला वाटलं मॉडेलचा वेंधळेपणा.

जुना_मुद्रितशोधक
नाही, तो तुमचा आज्ञाधारकपणा 🙂 तुम्ही सांगितलं लॅटरल म्हणजे लॅटरल, त्याने मुळांनाही पाइप केलं. म्हणून यादीतून ओळी निवडताना आधी लांब शब्द जुळवायचा, तो सापडला की त्यातला छोटा सोडून द्यायचा. "lateral root" जुळलं तर तिथलं "lateral" मोजायचंच नाही.

बांधावरचा
सांगोल्याकडचा हाय मी, डाळिंबाला ठिबक हाय बारा वर्सं झाली. ताई एक सांगू का, ते तुमचं उत्सर्जक कुणीबी म्हणत न्हाई. ड्रिपर म्हणा. फिल्टरला गाळणी म्हणू नका, गाळणी च्याची. व्हॉल्व्ह म्हणा, झडप म्हणलं की दाराची वाटती. लॅटरल, सबमेन, व्हेंच्युरी हेच दुकानात बी चालतं. पण आच्छादन म्हणा की मल्चिंग, दोन्ही कळतंय. आणि यील्डला उत्पादन म्हणा, उत्पन्न न्हाई, उत्पन्न म्हंजे हातात आलेलं पैसं. मागं एका पत्रकात "ठिबकमुळे एकरी उत्पन्न वाढून १० टन" असं छापलं हुतं, आमी लई हसलो.

सारिका_पानोपान
दादा तुम्ही आधी का नाही भेटलात 🙏 "उत्पन्न" माझ्या मसुद्यातही दोन ठिकाणी आहे.

शब्दांकित
माझा थोडा निषेध नोंदवा. भाषा संचालनालय कित्येक वर्षं परिभाषा कोश काढतंय, shabdakosh.marathi.gov.in वर ते बघता येतात, आपण ते उघडायचेही नाहीत आणि सगळीकडे ड्रिपर, फ्लश, चोक करून टाकायचं? मग मराठी अनुवाद कशाला, देवनागरीत इंग्रजीच छापा. माझ्या मते ग्लॉसरी तिथून घ्यावी, घरी बसून करू नये.

जुना_मुद्रितशोधक
कोश उघडावाच, मीही उघडतो. बाष्पीभवन, जलधारण क्षमता, सामू असे शब्द तिथूनच घेतले आणि शेतकरी मासिकांतही ते रुळलेत, सामू तर आता माती परीक्षणाच्या कागदावर छापलेला असतो. पण ड्रिपर ही वस्तू ज्याच्या हातात आहे त्याने नाव आधीच ठेवलंय. ते बदलायचं की नाही हा भांडणाचा वेगळा विषय, वेगळा धागा काढा, मी येतो. इथे इतकंच की जे ठरेल ते एकच ठरू दे आणि यादीत एकदाच लिहू दे.

शब्दांकित
काढतो वेगळा धागा. पण "चोक झालेला" मला अजिबात मान्य नाही. बुजलेला म्हणा की.

बांधावरचा
बुजलेलं म्हंजे विहीर बुजली, बीळ बुजलं. ड्रिपर चोक हुतो. असो.

सारिका_पानोपान
दादांनी म्हटलं तसं एक दुसरं अडलंय. सॉइल. कुठे माती आणि कुठे जमीन? मी यादीत सॉइल = माती टाकलं तर "भारी मातीत पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात" असं आलं, कानाला विचित्र लागतं.

बांधावरचा
भारी जमीन, हलकी जमीन. नमुना मातीचा घेत्यात.

जुना_मुद्रितशोधक
अगदी. इथे एका इंग्रजी शब्दाला दोन ओळी करायच्या आणि प्रत्येकीला "कधी" जोडायचं. प्रकार सांगायचा असेल, भारी, हलकी, चोपण, तर जमीन. हातात घेण्याजोगी वस्तू, नमुना, कण, पोत, तर माती. मॉडेलला हा फरक कळतो, फक्त त्याला परवानगी द्यावी लागते. यादीत एकच शब्द असेल तर तो मान खाली घालून तेवढाच लिहितो. मात्र अशा दुहेरी ओळी मोजक्याच ठेवा, माझ्या २१० मध्ये नऊच होत्या. सगळ्यांनाच "संदर्भाप्रमाणे" केलं तर यादी असून नसल्यासारखी.

वाचनवेडी
मी अनुवादक नाही, एका दवाखान्यासाठी रुग्णांची पत्रकं बघते, आमच्याकडे "डोस" ची हीच गंमत झाली होती, गोळीला डोस, सिरपला मात्रा आणि लसीला परत डोस, मग पेशंट विचारायचे मात्रा म्हणजे ते आयुर्वेदिक का. आम्ही यादी केली, पण खरं सांगायचं तर तपासायला कोणाला वेळच नव्हता, त्यामुळे यादी भिंतीवर आणि पत्रकं तशीच. तर यादी दिल्यावर ती पाळली गेली का हे कसं बघता? सगळं वाचूनच?

कोडकर
हे मी सांगतो, इथे मी उपयोगी आहे 😎 इंग्रजी आणि मराठी परिच्छेद जोडीने `pairs` या यादीत ठेवायचे. इंग्रजीत शब्द आहे आणि मराठीत ठरलेला शब्द नाही, अशा जोडीचा नंबर छापायचा. वाचायचं फक्त तेवढंच.

```python
import re
terms = {
  r"\bemitters?\b": r"ड्रिपर",
  r"\blaterals?\b(?! root)": r"लॅटरल",
  r"\broots?\b": r"\bमूळ\b",
}
for n, (en, mr) in enumerate(pairs, 1):
    for e, m in terms.items():
        if re.search(e, en, re.I) and not re.search(m, mr):
            print(n, e)
```

सारिका_पानोपान
चालवलं (भाच्याला बसवून). रूट्सच्या झाडून सगळ्या जोड्या चुकीच्या दाखवतोय, मी उघडून बघितलं तर सगळीकडे व्यवस्थित "मुळांजवळ", "मुळांच्या कक्षेत" आहे.

जुना_मुद्रितशोधक
दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडून आलोय. पहिला व्याकरणाचा. "मूळ" ला विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, मुळा, मुळां. विहीर-विहिरीत, फूल-फुलाला तसंच. "ओलावा" चं "ओलाव्या" होतं, "नळी" चं "नळ्यां". म्हणून तपासायला पूर्ण शब्द नाही, जेवढा भाग कधीच बदलत नाही तेवढाच द्यायचा. मूळसाठी `म[ूु]ळ`, ओलाव्यासाठी `ओलाव`. नळीसाठी `नळ` दिलं तर नळही सापडेल, म्हणून तिथे `नळ(ी|्य)`.

दुसरा खड्डा कोडकरांचा. पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये `\b` देवनागरीला लावू नये. काना-मात्रा-वेलांटीला तो शब्दाचं अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्दाच्या पोटातच त्याला सीमा दिसते आणि "नळी" सारख्या वेलांटीने संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी दिसत नाही. इंग्रजीच्या बाजूला ठेवा, मराठीच्या बाजूने काढा.

कोडकर
हे मला माहीत नव्हतं. करून बघितलं, `\bनळी\b` "ही नळी आहे" मध्ये खरंच सापडत नाही. वेड लागेल.

सारिका_पानोपान
दुरुस्त केलं, आता नीट चालतंय. फक्त "ॲसिड" च्या अकरा जोड्या उरल्यात, मराठीत डोळ्यांना ॲसिड स्पष्ट दिसतंय तरी म्हणतोय नाही.

जुना_मुद्रितशोधक
ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक अख्खं अक्षर आहे, U+0972, आणि दुसरा अ वर अर्धचंद्र बसवून, U+0905 मागे U+0945. दिसायला सारखे, मशीनला वेगळे, आणि नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही एक होत नाहीत. तुमचा कीबोर्ड एक देतो, मॉडेल कधी दुसरा देतं. तपासणीआधी स्वतःच बदलून घ्या:

```python
mr = mr.replace("\u0905\u0945", "\u0972")
```

आणि हे फक्त तपासणीपुरतं नको, छापायच्या फाइलमध्येही करा, नाहीतर कंपनीतल्या कोणी पीडीएफमध्ये ॲसिड शोधलं तर अर्धी पानं सापडणारच नाहीत. ॲसिडच्या पानांवर ते परवडणारं नाही.

सारिका_पानोपान
काल रात्री सगळं नव्याने केलं. सातव्या धड्यातला तोच परिच्छेद दाखवते. इंग्रजी असं होतं:

```
Flush the laterals until the water at the end runs clear.
If emitters near the end remain clogged, treat with acid.
Always add acid to water, never water to acid.
```

आधीचं होतं: "उपनळ्या धुऊन घ्याव्यात, शेवटी स्वच्छ पाणी येईपर्यंत. टोकाजवळील तोट्या बंद राहिल्यास आम्लोपचार करावा. आम्ल नेहमी पाण्यात घालावे..." आणि पुढच्याच पानावर "ॲसिड ट्रीटमेंट". म्हणजे वाचणाऱ्याला आम्लोपचार आणि ॲसिड ट्रीटमेंट या दोन वेगळ्या गोष्टी वाटणार.

आता, पाच ओळींच्या यादीसकट: "लॅटरलच्या टोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत लॅटरल फ्लश कराव्यात. टोकाजवळचे ड्रिपर तरीही चोक झालेले असतील, तर ॲसिड ट्रीटमेंट करावी. ॲसिड नेहमी पाण्यात घालावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही घालू नये." मी फक्त "तरीही" ची जागा हलवली.

पूर्ण १४० पानांवर तपासणीने ६३ जोड्या दाखवल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त चूक नव्हत्या, इंग्रजीत नव्या परिच्छेदात परत एमिटर आणि मराठीत मागच्या परिच्छेदातला ड्रिपर धरून "तो", "त्याचं तोंड" असं सहज आलेलं, ते मी तसंच ठेवलं. खऱ्या चुका २४. त्यातल्या बऱ्याचशा मीच मध्ये शब्द बदलल्यामुळे, साठाव्या पानावर आम्लप्रक्रियेची ॲसिड ट्रीटमेंट केली आणि मागची पानं परत काढली नाहीत.

जुना_मुद्रितशोधक
यादीच्या फाइलच्या नावात तारीख घाला आणि प्रत्येक तुकड्यासोबत कुठल्या तारखेची यादी वापरली ते लिहून ठेवा. शब्द बदलला की तो ज्या तुकड्यांत आहे तेवढेच परत काढायचे. आणि "तो" बद्दल तुम्ही बरोबर केलंत, गजर वाजला म्हणून दर वेळी शब्द कोंबू नये.

सारिका_पानोपान
एकच ओळ यादीत रिकामी आहे अजून. फील्ड कपॅसिटी. दादा, याला वाफसा म्हणू का?

बांधावरचा
म्हणा की. वाफसा आला म्हंजी जमिनीत वल बी हाय अन् हवा बी हाय, पाय रुतत न्हाई.

जुना_मुद्रितशोधक
सल्ल्याच्या वाक्यात, "वाफसा राहील इतकंच पाणी द्या", इथे चपखल. पण तुमच्या अकराव्या धड्यात गणित असणार. फील्ड कपॅसिटी ही मोजायची गोष्ट आहे, जमीन भिजून जास्तीचं पाणी एक-दोन दिवसांत खाली निचरून गेल्यावर जे धरून राहतं ते, टक्क्यात. "वाफसा ३२ टक्के" कोणी म्हणत नाही. आणि वाफसा हा एक आकडा नाहीच, काही दिवस टिकणारी अवस्था आहे.

शब्दांकित
मग पारिभाषिक शब्द घ्या ना, क्षेत्र धारणक्षमता. इथे तरी.

सारिका_पानोपान
म्हणजे अजून एक दुहेरी ओळ? सल्ल्यात वाफसा, गणितात क्षेत्र धारणक्षमता? मग वाचणाऱ्याला कळणार कसं की वरच्या पानावरचा वाफसा आणि खालच्या पानावरचं हे यांचा संबंध आहे...

जुना_मुद्रितशोधक
माझंही इथे ठरलेलं नाही. मी मागे एकदा दोन्ही ठेवले आणि गणिताच्या धड्याच्या पहिल्या वाक्यात हाताने जोडून दिले, मॉडेलवर सोडलं नाही. समाधान झालं नव्हतं.

केळीबाग_रावेर
उशिरा आलो. ते लॅटरल स्त्री. कोणी ठरवलं? आमच्याकडे तो लॅटरल.

बांधावरचा
ती लॅटरल. नळी ती, मग लॅटरल ती.

केळीबाग_रावेर
पाइप तो, मग लॅटरल तो.

सारिका_पानोपान
कंपनीचे सभासद पंढरपूर-सांगोल्याकडचे आहेत, त्यामुळे या खेपेला ती. रावेरची आवृत्ती निघाली तर एक रकाना बदलून सगळं परत काढावं लागेल, कारण अंथरली, फाटली, जोडली सगळीच क्रियापदं बदलणार. वाफशाचं सोमवारी तिघा सभासदांना दोन्ही तऱ्हेची पानं वाचायला देऊन बघते आणि इथे टाकते.